बॉयलरचा ताबा घेण्यापूर्वी

साखर कारखान्यात नवा बॉयलर उभा राहिला की त्याचे अग्निप्रदीपन थाटात होते. संचालक मंडळ येते, पूजा होते, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, गळीत हंगाम ऐन भरात असताना, त्याच बॉयलरवर आणखी एक काम होते. त्याला कोणी पाहुणा येत नाही. पुरवठादाराचे दोन-तीन इंजिनिअर, कारखान्याचे चीफ इंजिनिअर आणि चीफ केमिस्ट, सल्लागाराचा एखादा माणूस आणि दर पंधरा मिनिटांनी आकडे उतरवणारी तरुण मुले, एवढ्यांतच ते उरकते. हीच हमी-चाचणी, कारखान्याच्या बोलीत पीजी टेस्ट. कराराच्या रकमेतला शेवटचा हप्ता बहुधा या चाचणीवर अडकलेला असतो, आणि बॉयलर पुढची वीस-पंचवीस वर्षे किती बगॅस खाणार हेही याच वेळी कागदावर ठरते.

ही पुस्तिका त्या चाचणीची आहे. तिच्यात कोष्टके आहेत, नमुने घेण्याच्या पद्धती आहेत, हिशेबाचे तक्ते आहेत. ते सगळे वाचकाला पुढच्या पानांत भेटेलच. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट नीट मांडायची आहे. चाचणीचा निकाल मोजमापातून येतो हे खरे, पण त्या मोजमापाचा अर्थ काय लावायचा हे चाचणीच्या आधी कागदावर आले नसेल, तर निकालानंतर दोन्ही बाजू बरोबर असतात आणि वाद मिटत नाही. हे कसे घडते ते एका बॉयलरचे आकडे घेऊन दाखवतो. बॉयलर कल्पित आहे, पण त्याचे आकडे महाराष्ट्रातल्या कोणत्याही सहवीजनिर्मिती प्रकल्पात शोभतील असेच आहेत.

ताशी शंभर टन वाफेचा बॉयलर समजा. इंधन बगॅस. करारात हमी आहे: पूर्ण भारावर कार्यक्षमता ७० टक्के. हे वाक्य एवढ्यावरच संपत असेल तर ती हमी फार कमकुवत आहे. कोणत्या उष्मांकावर ७० टक्के? आपल्याकडे ढोबळ उष्मांकावर, म्हणजे जीसीव्हीवर हिशेब करायची पद्धत आहे. युरोपीय पद्धतीत निव्वळ उष्मांक धरतात. बगॅसमध्ये निम्मे पाणीच असल्यामुळे या दोन उष्मांकांत मोठी दरी आहे. पन्नास टक्के ओलाव्याच्या बगॅसचा ढोबळ उष्मांक किलोला सुमारे २,२७० किलोकॅलरी, तर निव्वळ उष्मांक सुमारे १,८०० किलोकॅलरी. त्यामुळे ढोबळ हिशेबाने ७० टक्के असलेला बॉयलर निव्वळ हिशेबाने ८७ टक्क्यांच्या पुढे जातो. बॉयलर तोच, बगॅस तेच. दोन निविदा शेजारी ठेवून तुलना करताना हा फरक नजरेआड झाला, तर पुढची सगळी आकडेमोड व्यर्थ आहे.

म्हणून हमीच्या वाक्याला शेपूट लागते, आणि ते लागायलाच हवे. बगॅसचा ओलावा ५० टक्के, राख दीड टक्का, कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे प्रमाण अमुक, बाहेरच्या हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस, फीड वॉटरचे तापमान अमुक, वाफेचा दाब आणि तापमान अमुक, भार शंभर टक्के. या यादीतली प्रत्येक गोष्ट चाचणीच्या दिवशी थोडीफार वेगळी असणार. उसाचा चोथा करारातला आकडा वाचून मिलमधून बाहेर पडत नाही. त्यामुळे मोजलेली कार्यक्षमता आणि हमीची कार्यक्षमता यांच्यामध्ये दुरुस्तीची एक पायरी येते. ती पायरी कशी चढायची याचे वक्र पुरवठादार करारासोबत देतो. या वक्रांकडे पुन्हा येऊ.

कार्यक्षमता काढायच्या दोन वाटा आहेत. एक सरळ: वाफेत गेलेली उष्णता भागिले इंधनातून आलेली उष्णता. दुसरी वळणाची: शंभरातून सगळे तोटे वजा करायचे. नवख्याला सरळ वाट जास्त खरी वाटते. बगॅसच्या बाबतीत मात्र ती फार डळमळीत आहे. वाफेचा प्रवाह चांगल्या नोझलने एक टक्क्याच्या आत मोजता येतो. बगॅस मात्र हलके, फुगीर, कन्व्हेयरवर कधी ढीग तर कधी पातळ थर. त्याचे चालते वजन अडीच टक्क्यांच्या आत मोजले गेले तर पुष्कळ झाले. शिवाय त्याच्या उष्मांकात नमुन्यामुळे येणारी दीड टक्क्याची शंका धरा. या तीन चुका एकमेकींपासून स्वतंत्र असल्यामुळे त्यांची सरळ बेरीज करत नाहीत. प्रत्येकीचा वर्ग करून बेरजेचे वर्गमूळ घेतात. एक, सव्वासहा आणि सव्वादोन मिळून साडेनऊ. वर्गमूळ तीनच्या किंचित वर. म्हणजे ७० टक्क्यांच्या आकड्यावर तीन टक्के, अर्थात सव्वादोन अंकांच्या आसपास. उत्तर ७० आले तर खरी कार्यक्षमता ६७.८ ते ७२.२ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. अर्ध्या टक्क्यावर दंड ठरलेला असताना अशा मापाचा उपयोग नाही.

वळणाच्या वाटेचा फायदा हा की तिथे आपण लहान वाटा मोजतो. तोटे मिळून तीसच्या घरात असतात. त्यांत तीन टक्क्यांची चूक झाली तरी उत्तरात एक अंकसुद्धा हलत नाही. बगॅसचे वजन तर लागतच नाही. एक किलो बगॅस धरून सगळा हिशेब चालतो. म्हणून या पुस्तिकेत सरळ पद्धत पडताळ्यापुरती ठेवली आहे. ते मला पूर्ण पटते.

आपल्या बॉयलरचे तोटे हमीच्या परिस्थितीत असे पडतात. चिमणीतून जाणाऱ्या कोरड्या वायूबरोबर ५.१ टक्के. बगॅसमधल्या हायड्रोजनचे जळून पाणी होते आणि ते वाफ होऊन निघून जाते, त्यापायी ८.२ टक्के. बगॅसमध्ये आधीपासून असलेल्या पाण्यापायी १४.०५ टक्के. राखेतून आणि उडत्या कणांतून न जळता जाणारा कार्बन १.७ टक्के. भिंतींतून होणारे उत्सर्जन, हवेतला दमटपणा आणि हिशेबात न बसणारे मिळून ०.९५ टक्के. बेरीज बरोबर तीस. निम्म्याच्या जवळपास तोटा एकट्या ओलाव्याचा आहे, आणि तो बॉयलर बनवणाऱ्याच्या हातात नाही. तो ठरतो शेवटच्या मिलच्या रोलरवर, इंबिबिशनच्या पाण्यावर आणि उसाच्या जातीवर. मिल विभागाची कसूर बॉयलरच्या माथी मारली जाऊ नये आणि बॉयलरची कसूर मिल विभागाच्या आड लपू नये, या दोन्हींसाठी ओलाव्याचा हिशेब स्वच्छ हवा.

चाचणीची वेळ कोणती? माझे मत स्पष्ट आहे: बॉयलर स्थिरावल्यावर, पण नळ्या मळण्याआधी, आणि हंगामाच्या मध्यावर. मार्चअखेरीपर्यंत ताटकळत ठेवलेल्या चाचण्या मी कधी सुखाने पार पडलेल्या पाहिल्या नाहीत. तोवर ऊस तुटक येऊ लागतो, गव्हाण मधेच रिकामी पडते, मिल थांबते. मिल थांबली की प्रक्रियेला वाफ नको होते, भार खाली येतो आणि चार तासांची चाचणी अडीच तासांवर मोडते. शंभर टन वाफ तयार करायची तर ती घेणारे कोणी तरी लागते. ती टर्बाइन आणि साखरेच्या पॅनमध्येच जाते. म्हणून चाचणीची तारीख बॉयलर विभागाने एकट्याने ठरवू नये. शेती खात्याकडून त्या दिवशीच्या उसाची खात्री घ्यावी, वीज निर्यात अडणार नाही याची व्यवस्था करावी, आणि मगच तारीख पक्की करावी.

चाचणीच्या तासांत बॉयलरला छेडू नये, हा साधा नियम आहे. सूट ब्लोइंग चाचणीच्या आधी करून घ्यायचे, चाचणी चालू असताना नाही. ब्लोडाउन बंद. डंपिंग ग्रेट असेल तर राख पाडण्याच्या वेळा आधी ठरवून वहीत नोंदवायच्या, कारण राख पाडताना ऑक्सिजन झटकन वर जातो. ड्रममधली पाण्याची पातळी सुरुवातीला आणि शेवटी एकच हवी. कोळसा किंवा दुसरे पूरक इंधन अजिबात नाही. बगॅस थेट मिलमधून आलेले ताजे. यार्डातल्या ढिगातले बगॅस वाळलेले असते, कधी आंबलेलेही असते. ते अधूनमधून कॅरिअरवर ढकलले गेले तर नमुन्याचा आणि भट्टीतल्या इंधनाचा संबंध तुटतो. चाचणीच्या आदल्या दिवशी यार्डाकडून येणारा कॅरिअर बंद असल्याची दोन्ही बाजूंनी सही घ्यावी, ही पुस्तिकेतली सूचना किरकोळ वाटेल. ती तशी नाही.

आता नमुना. दर पंधरा मिनिटांनी ड्रम फीडरच्या वरच्या शूटमधून, पूर्ण रुंदीतून, बगॅस घ्यायचे. मिलमधून येणारे बगॅस कोमट असते, कारण इंबिबिशनला गरम पाणी वापरलेले असते. उघड्या घमेल्यात ते दहा मिनिटे ठेवले तरी वाफ सुटून हलके होते. बॉयलरच्या फायरिंग फ्लोअरवर, गरम भिंतीशेजारी नमुन्यांची घमेली मांडून ठेवलेली मी पाहिली आहेत. दुपारी ती प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्यांतला ओलावा काही मिलने दिलेला राहिलेला नसतो. नमुना हातात येताच घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचा, सावलीत न्यायचा आणि लगेच वजन करायचे. मुठीत दाबून पाहायचा मोह टाळायचा. पुढे सगळे नमुने एकत्र करून चार भाग करताना आणखी एक अडचण येते: बारीक भुगा तळाला बसतो आणि लांब धागे वर राहतात. भुग्याचा आणि धाग्याचा ओलावा सारखा नसतो. त्यामुळे ढीग हलक्या हाताने, पण पुन्हा पुन्हा उलटापालटा करायला हवा. शेवटी तीन सीलबंद भाग: एक कारखान्याचा, एक पुरवठादाराचा, एक वाद झालाच तर तिसऱ्या प्रयोगशाळेसाठी राखून ठेवलेला. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर, वजन बदलायचे थांबेपर्यंत वाळवायचे. उष्मांकाला पडताळा म्हणून साखर उद्योगात जुने सूत्र आहे: ४,६०० मधून ओलाव्याच्या टक्क्यांची ४६ पट आणि राहिलेल्या साखरेच्या टक्क्यांची १२ पट वजा करा. ओलावा ५० आणि साखर २ असेल तर २,२७६ येते. बॉम्ब कॅलरीमीटरचा आकडा याच्यापासून फार लांब गेला, तर आधी नमुन्याकडे बघावे.

एवढी काळजी घेऊनही ओलाव्यात एक अंक इकडेतिकडे होऊ शकतो. त्याने किती बिघडते? ओलावा ५० वरून ५१ गेला की कार्यक्षमता ०.५७ अंकाने खाली जाते. अर्ध्या टक्क्याच्या भांडणात हे फार मोठे आहे. पण इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे, आणि ती फार थोड्या लोकांच्या ध्यानात येते. मोजलेल्या कार्यक्षमतेची दुरुस्ती करून आपण ती करारातल्या ५० टक्के ओलाव्यावर आणतो. नमुना वाळल्यामुळे ५० च्या जागी ४९ आले, तर तोटे ०.५७ ने कमी दिसतात, आणि दुरुस्ती करताना तेवढीच घट परत होते. चूक आली तशीच निघून जाते. पण हे केव्हा? दुरुस्तीचा वक्र खरा असेल तेव्हाच, आणि दुरुस्ती प्रत्यक्षात केली तरच. काही करारांत लिहिलेले असते की ओलावा ४८ ते ५२ यांच्यात असेल तर दुरुस्ती करायची नाही. वाक्य सोपे आणि समजूतदार वाटते, पण त्याने ओलाव्याची सगळी चूक निकालात तशीच राहते, आणि शिवाय खरोखरच ओले बगॅस आले तर पुरवठादाराला विनाकारण एक अंकाहून जास्त भुर्दंड बसतो. अशी कलमे काढून टाकावीत.

वक्र खरा आहे का, हे हाताने तपासता येते. भौतिकशास्त्राने ओलाव्याच्या एका अंकाला जवळपास ०.६ अंक मिळतात. वायूचे प्रमाण वाढून चिमणीचे तापमान किंचित चढते, त्याचे थोडे आणखी धरा. पुरवठादाराच्या वक्रात एका अंकाला ०.७५ दिसत असेल, तर ५२ टक्के ओलाव्याच्या दिवशी त्याला दीड अंक परत मिळतो, जिथे हक्काचा सव्वाच्या आसपास होता. पाव अंकाहून जास्त भेट कारखान्याने न कळत दिलेली असते. निविदा उघडल्यावर हा वक्र तपासायला एक दुपार पुरते. चाचणीच्या दिवशी तो तपासायला उशीर झालेला असतो, कारण तोवर तो करारावरच्या सहीखाली असतो.

ओलाव्याची चूक दुरुस्तीत विरघळते, पण चिमणीकडे जाणाऱ्या वायूच्या तापमानाला अशी सोय नाही. एअर प्री-हीटरनंतर तापमान दहा अंशांनी चुकले की ०.५८ अंकाची चूक सरळ निकालात बसते. डक्ट चांगला दोन-तीन मीटर रुंद असतो आणि त्यात वायू एकजीव नसतो. डावीकडे एक, उजवीकडे दुसरेच तापमान. वीस अंशांचा फरकही दिसतो. कंट्रोल रूमच्या पडद्यावर येणारा आकडा मात्र भिंतीजवळच्या एका थर्मोकपलचा. हमी-चाचणीसाठी त्या आकड्यावर विसंबून चालत नाही. डक्टच्या छेदाचे समान क्षेत्रफळाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर थर्मोकपल उतरवायचा, आणि त्याच जागेवरून ऑक्सिजनसाठी वायू ओढायचा. तापमान एका छेदावर आणि ऑक्सिजन दुसऱ्या छेदावर घेतला, तर मधल्या गळतीची हवा हिशेबात खोटी होऊन शिरते.

ऑक्सिजनमध्ये आणखी एक खड्डा आहे. डक्टमध्येच बसवलेला झिरकोनिया विश्लेषक ओल्या वायूतला ऑक्सिजन सांगतो. वायू बाहेर ओढून, थंड करून, पाणी काढून मोजणारा विश्लेषक कोरड्या वायूतला सांगतो. कोळशाच्या बॉयलरवर हा फरक लहान असतो. बगॅसच्या वायूत आकारमानाने जवळजवळ चौथा हिस्सा पाण्याची वाफ असते. कोरड्या मापाने पाच टक्के असलेला ऑक्सिजन झिरकोनियाच्या पडद्यावर ३.७५ दिसतो. तो आकडा कोरड्या वायूच्या सूत्रात घातला की जादा हवा ३१ टक्क्यांऐवजी २२ टक्के निघते आणि बॉयलरला ०.३५ अंक फुकट मिळतात. दोन्ही उपकरणे बरोबर आहेत, दोघांचीही कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे बरोबर आहेत, तरी उत्तर चूक. चाचणीच्या तक्त्यात ऑक्सिजनच्या रकान्यावर कोरडा की ओला हे लिहिलेले नसेल, तर तो तक्ता परत करावा.

न जळलेल्या कार्बनबद्दल थोडक्यात सांगतो. तळाची राख, इकॉनॉमायझर आणि एअर प्री-हीटरखालच्या हॉपरमधली राख आणि उडती राख यांचे वेगळे नमुने घेऊन कार्बन काढता येतो. कोणत्या वाटेने किती राख गेली हे मात्र बहुतेक वेळा गृहीतच धरतात. ते प्रमाण आधी ठरवून ठेवावे. त्यातली शंका मोठी असते आणि ती प्रयोगशाळेत कमी होत नाही.

आता चाचणीचा दिवस. ओलावा ५२ टक्के आला. वायूचे तापमान करारात १५० धरले होते, मोजले १५६. कोरडा ऑक्सिजन ५ ऐवजी ५.६. बाहेरची हवा ३० अंशांवरच होती. कोरड्या वायूचा तोटा ५.५, हायड्रोजनचा ८.२५, ओलाव्याचा १५.३, न जळलेला कार्बन १.७ आणि उरलेले ०.९५. बेरीज ३१.७, म्हणजे मोजलेली कार्यक्षमता ६८.३. फायरिंग फ्लोअरवरच्या माणसाला हाच आकडा वेगळ्या तोंडाने दिसतो: एक किलो बगॅसवर जिथे २.४६ किलो वाफ मिळायची तिथे २.३१ मिळाली. त्यावरून बॉयलर वाईट ठरवणे घाईचे होईल. ओलाव्याची दुरुस्ती केली की १.२ अंक परत येतात आणि कार्यक्षमता होते ६९.५. हमीपेक्षा अर्धा अंक कमी. हा अर्धा अंक बॉयलरचा स्वतःचा आहे: सहा अंशांचा जादा उष्ण वायू आणि थोडी जादा हवा.

इथून वाद सुरू होतो. पुरवठादार म्हणतो, मापाची अनिश्चितता पाहा. तापमानात चार अंशांची शंका धरली तर ०.२३ अंक, ऑक्सिजनमध्ये ०.४ ची धरली तर ०.१२, न जळलेल्या कार्बनची ०.३५, उत्सर्जनाची ०.२, इंधनाच्या उष्मांकाची आणि घटकांची ०.२५, आणि दुरुस्तीनंतर ओलाव्याची उरलेली ०.१. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतले की अधिक-उणे ०.५५. म्हणजे खरी कार्यक्षमता ६८.९५ ते ७०.०५ यांच्यात, आणि ७० त्यात बसते, बॉयलर पास. कारखाना म्हणतो, त्याच न्यायाने ती ६८.९५ सुद्धा असू शकते. आम्ही ७० चे पैसे दिले आहेत. दोघांचे गणित बरोबर आहे. ओलाव्याची दुरुस्ती केलीच नसती तर अनिश्चितता ०.८ च्या जवळ गेली असती, आणि ज्याच्या मोजणीत जास्त ढिलाई त्याच्या बॉयलरला जास्त सूट, अशी उलटी न्यायव्यवस्था झाली असती.

अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने, एएसएमईने, बॉयलरच्या चाचण्यांसाठी पहिली संहिता १८८४ मध्ये केली. आपल्याकडच्या करारांत अजूनही दिसणारी पीटीसी ४.१ ही १९६४ ची. भारतीय मानक आयएस ८७५३ हे १९७७ चे. १९९८ मध्ये पीटीसी ४ आली, आणि तिने अनिश्चितता काढणे चाचणीचा अनिवार्य भाग केला. जुन्या संहितेचा छोटा तक्ता वापरून उत्तर काढणे सोपे आहे, पण त्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा हे तो तक्ता सांगत नाही. नव्या संहितेची भूमिका मला न्यायाची वाटते: अनिश्चितता म्हणजे मोजणीचा दर्जा, आणि सूट म्हणजे दोन पक्षांमधला व्यवहार. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली इंजिनिअरने काढायची, दुसरी करारात लिहायची. करारात सूट लिहिलेली नसेल, तर मोजून आणि दुरुस्त करून आलेला ६९.५ हाच सर्वांत संभाव्य आकडा आहे आणि हिशेब त्याच्यावर व्हावा.

हा अर्धा अंक किती मोठा आहे? शंभर टन वाफेला ताशी सुमारे ४१ टन बगॅस लागते. अर्ध्या अंकाने त्यात सुमारे ३०० किलोची भर पडते. दीडशे दिवसांचा हंगाम धरला तर हजार टनांहून जास्त बगॅस. ते यार्डात राहिले असते तर हंगामानंतर काही दिवस वीज निर्यात करता आली असती, किंवा विकता आले असते. सभासदांच्या उसाचेच ते बगॅस आहे.

पुस्तिकेत अनिश्चिततेचा तक्ता चाचणीनंतरच्या प्रकरणात न ठेवता चाचणीपूर्व तयारीत ठेवला आहे. हा क्रम वाचकाने मोडू नये. कोणती उपकरणे, किती बिंदू, किती नमुने हे ठरले की अपेक्षित अनिश्चितता आधीच काढता येते. ती ०.५५ येत असेल आणि दंड ०.१ च्या टप्प्यांनी असेल, तर त्याच वेळी दोन्ही पक्षांनी बसून ठरवावे: मोजणी सुधारायची, की दंडाचे टप्पे मोठे करायचे, की सूट लिहायची. थर्मोकपलचे बिंदू वाढवले, राखेचे नमुने जास्त घेतले, तर अनिश्चितता खाली आणता येते आणि त्याचा खर्च दंडाच्या मानाने फार थोडा असतो. भट्टी पेटल्यावर हे बोलणे होत नाही, कारण तोवर प्रत्येकाला आपला निकाल दिसू लागलेला असतो.

कार्यकारी संचालक आणि चीफ इंजिनिअर यांना माझी विनंती आहे की ही पुस्तिका चाचणीच्या आठवड्यात कपाटातून काढू नये. खरेदीच्या करारावर सही होण्याआधी ती वाचावी, आणि दुरुस्तीचे वक्र, नमुन्याची पद्धत, ऑक्सिजन कोरडा की ओला, आणि अनिश्चिततेचे काय करायचे, ही चार कलमे करारात आली आहेत की नाहीत हे स्वतः तपासून मगच सही करावी.